स्लॉट मशीनमध्ये वरचेवर ‘लागतं’, तरी पैसे का संपतात?

स्लॉट मशीनवर पैज लावून बटण दाबायचं, चित्रांची रीळं फिरतात आणि थांबल्यावर ठरावीक चित्रं जुळली तर पैसे मिळतात; अशा एका फेरीला स्पिन म्हणतात. या खेळाच्या माहितीच्या पानावर ‘आरटीपी ९६ टक्के’ असा एक आकडा असतो. तो वाचून लोक हमखास दोन अर्थ काढतात. पहिला असा, की शंभर वेळा बटण दाबलं तर ९६ वेळा काहीतरी लागणार. दुसरा जरा हिशेबी माणसाचा असतो: हजार रुपये घेऊन बसलो तर वाईटात वाईट ९६० घेऊन उठेन. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. पहिल्यात दोन वेगळ्या आकड्यांची सरमिसळ झालेली आहे आणि दुसऱ्यात टक्केवारी कशाची हेच निसटलं आहे. आपल्याकडे गोव्यात १९९२ च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट मिळाली, तेव्हापासून हे यंत्र मराठी माणसाच्या पाहण्यात आहे. पण आत काय चालतं हे सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. जे भेटतात ते ‘कुठलं मशीन आज गरम आहे’ एवढंच सांगतात, आणि ते तर थोतांडच.

आरटीपी म्हणजे रिटर्न टू प्लेअर. मशीनवर जेवढ्या रकमेची पैज लागली त्यातला किती भाग, लाखो स्पिनच्या सरासरीत, खेळणाऱ्यांकडे परत जातो हे तो सांगतो. हिट फ्रिक्वेन्सी हा वेगळाच आकडा. शंभर स्पिनमध्ये किती वेळा मशीन काही ना काही देतं, ते सांगणारा. किती देतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पैज दहा रुपयांची आणि मिळाला एक रुपया, तरी तो ‘हिट’च.

पावसाचं उदाहरण घ्या. एखाद्या गावात वर्षाला किती मिलिमीटर पाऊस पडला हा एक आकडा, आणि पावसाचे दिवस किती झाले हा दुसरा. दोन गावांत एकूण पाऊस सारखाच असू शकतो. एका ठिकाणी चार दिवसांत ओतून मोकळा होतो, दुसऱ्या ठिकाणी महिनाभर पिरपिर करतो. पण हवामान खातं निदान इतकं करतं, की दिवसभरात अडीच मिलिमीटर तरी पडल्याशिवाय त्याला पावसाचा दिवस म्हणत नाही. स्लॉट मशीनला अशी अट नाही. चार थेंब पडले तरी ते नगारे वाजवतं.

आता हे आकड्यांत उलगडून पाहू. खऱ्या मशीनमध्ये चित्रांच्या कोट्यवधी जुळण्या असतात. आपण सोयीसाठी हजारच धरू आणि प्रत्येक जुळणी यायची शक्यता सारखी मानू. तशी ही संख्या अगदीच हवेतली नाही. चार्ल्स फे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ मशीनला तीन रीळं होती, प्रत्येकावर दहा जागा, म्हणजे जुळण्या हजारच. आपली पैज दर स्पिनला दहा रुपये. हजारही जुळण्या एकेकदा आल्या असं धरलं तर मशीनमध्ये दहा हजार रुपये पडले.

पहिलं मशीन असं बनवू. हजारातली एक जुळणी दोन हजार रुपये देते. नऊ जुळण्या प्रत्येकी तीनशे देतात, त्यांचे झाले सत्तावीसशे. त्रेचाळीस जुळण्या प्रत्येकी शंभर देतात, त्यांचे त्रेचाळीसशे. बाकी सगळ्या कोरड्या. बेरीज केली तर नऊ हजार. दहा हजारांतले नऊ हजार परत, म्हणून आरटीपी ९० टक्के. आणि लागणाऱ्या जुळण्या हजारात फक्त ५३, म्हणून हिट फ्रिक्वेन्सी ५.३ टक्के.

दुसऱ्या मशीनमध्ये तेच नऊ हजार वेगळ्या तऱ्हेने वाटू. दहा जुळण्या प्रत्येकी दोनशे देतील, म्हणजे दोन हजार. पन्नास जुळण्या साठ-साठ, म्हणजे तीन हजार. शंभर जुळण्या पंचवीस-पंचवीस, म्हणजे अडीच हजार. आणि तीनशे जुळण्या पाच-पाच रुपये, म्हणजे दीड हजार. बेरीज पुन्हा नऊ हजार, आरटीपी पुन्हा ९० टक्के. पण लागणाऱ्या जुळण्या झाल्या ४६०. जवळजवळ दर दुसऱ्या स्पिनला काहीतरी लागतंय.

मालकाचा गल्ला दोन्हीकडे सारखाच, हजार स्पिनमागे एक हजार रुपये. खेळणाऱ्याचा अनुभव मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा. पहिल्या मशीनवर सलग वीस स्पिन कोरडे जायची शक्यता तीनातली एक आहे. वीस वेळा बटण दाबा, दोनशे रुपये घाला आणि मशीन ढिम्म. दुसऱ्यावर सलग पाच स्पिन कोरडे गेले तरी ‘आज काय झालंय याला’ असं वाटावं, कारण तसं शंभरात पाचच वेळा घडतं.

दुसऱ्या मशीनमधल्या त्या तीनशे जुळण्यांवर मात्र जरा थांबायला हवं. दहा रुपये घालून पाच मिळतात. याला जिंकणं कसं म्हणायचं? पाच रुपये गेले की. पण पडद्यावर ‘WIN 5.00’ असं झळकतं, जुळलेली चित्रं लखलखतात, नाण्यांचा खणखणाट होतो आणि आकडा शून्यापासून पाचपर्यंत सावकाश चढत जातो. संशोधक या प्रकाराला ‘जिंकण्याच्या वेषातली हार’ म्हणतात. आपल्या हिशेबात ४६० पैकी ३०० ‘विजय’ या जातीचे आहेत. पैसे खरोखर वाढतात ते उरलेल्या १६० वेळा, म्हणजे शंभरात सोळाच वेळा.

लिबर्टी बेलसारख्या जुन्या यांत्रिक मशीनमध्ये ही गोष्ट शक्यच नव्हती. एक नाणं टाकायचं, एकाच ओळीवर पैज. लागलं तर निदान एक नाणं परत येणार, अर्ध्या नाण्याचा प्रश्नच नाही. पडद्यावरची मशीन आली आणि तिच्यात एकाच वेळी वीस-पंचवीस ओळींवर पैज लावायची सोय झाली, तेव्हा चित्र पालटलं. दहा रुपयांची पैज वीस ओळींवर पसरली की एका ओळीवर पन्नास पैसे. एका ओळीत तीन सारखी चित्रं आली आणि त्यांचा भाव दहा पट असला, तर मिळाले पाच रुपये. त्या ओळीपुरतं पाहिलं तर पन्नास पैशांचे पाच रुपये झाले, वाहवा! उरलेल्या एकोणीस ओळींवर साडेनऊ रुपये बुडाले, ते कोणी बोलत नाही. ओळी जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी लागायची शक्यता जास्त. हिट फ्रिक्वेन्सी वर नेण्याचा सोपा रस्ता हाच.

एक तिसरं मशीनही पाहून घेऊ, कारण पुष्कळांना वाटतं की जास्त वेळा लागतं म्हणजे परतावाही थोडा तरी जास्त असणार. दुसऱ्याच मशीनमध्ये दोन बदल करा. साठ रुपये देणाऱ्या पन्नास जुळण्यांना चाळीसच द्या. आणि कोरड्या जुळण्यांपैकी पन्नास उचलून त्यांना पाच रुपये द्या. पहिल्या बदलाने मशीनचे हजार रुपये वाचले, दुसऱ्याने अडीचशे गेले. आता एकूण परतावा ८,२५० रुपये, आरटीपी ८२.५ टक्के. आणि हिट फ्रिक्वेन्सी ४६ वरून ५१ टक्क्यांवर. म्हणजे मशीन जास्त वेळा वाजू लागलं आणि देऊ कमी लागलं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात मशीनचा किमान परतावा ७५ टक्के असायला हवा असा नियम आहे, त्यात हे तिसरं मशीन आरामात बसतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला हा फरक तासाभरात कळेल का? कळणार नाही. त्याला कळेल ते इतकंच की हे मशीन ‘चांगलं देतंय’.

आता दुसऱ्या मशीनवर वीस स्पिन खेळून पाहू. खिशातून दोनशे रुपये जाणार. सरासरीने या वीस स्पिनमध्ये सहा वेळा पाच रुपये लागतील, दोनदा पंचवीस, एकदा साठ. दोनशेवालं बक्षीस दहापैकी आठ वेळा इतक्यात येत नाही, म्हणून ते सोडून देऊ. मिळाले तीस, पन्नास आणि साठ, मिळून एकशे चाळीस. म्हणजे साठ रुपये गेले. दोन मिनिटांत.

पण याच दोन मिनिटांत माणसाने काय पाहिलं आणि ऐकलं? नऊ वेळा संगीत. साठ लागले तेव्हा तर लायटिंग. बॅलन्सचा आकडा नऊ वेळा वर चढताना दिसला. तो खाली येतो बटण दाबल्याबरोबर, गुपचूप, एका फटक्यात दहाने. त्या क्षणी रीळं फिरायला लागलेली असतात आणि डोळे तिथे असतात. खर्च डोळ्यांआड होतो आणि आवक वाजतगाजत येते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, असा हिशेब ठेवला तर महिनाअखेर काय होईल.

मेंदूची यात चूक अशी फार नाही. एखादी गोष्ट जमतेय की नाही हे आपण एरवीही प्रसंग मोजूनच ठरवतो. कॅरम शिकताना दहापैकी चार सोंगट्या जाऊ लागल्या की सुधारणा होतेय हे खरंच असतं. तिथे प्रत्येक यशाचं वजन साधारण सारखं असतं आणि आपल्या हाताचा त्यात भाग असतो. स्लॉटमध्ये यातलं काहीच नाही. पाच रुपयांचं ‘यश’ आणि दोनशेचं यश यांची गाठ एकाच नावाने मारलेली असते, आणि पुढचा स्पिन मागच्याला ओळखत नाही. सलग तीनदा लागलं म्हणून आपण कुठे जवळ पोहोचलेलो नसतो. जवळ जायला तिथे ठिकाणच नाही. तरी मनात ‘जमतंय’ ही नोंद होत राहते. शिवाय बक्षीस केव्हा येईल हे ठरलेलं नसलं की प्राणी बटण दाबायचं सहजी सोडत नाहीत, हे तर बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून माहीत आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हे नेमकं मोजलं. खेळणाऱ्यांच्या बोटांना संवेदक लावून त्यांनी त्वचेवरच्या घामातला बारीकसा फरक नोंदवला. उत्तेजना वाढली की तो वाढतो. सरळसरळ हरल्यावरच्या प्रतिसादापेक्षा खऱ्या जिंकण्याचा प्रतिसाद जास्त होता, ते अपेक्षितच. पण जिंकण्याच्या वेषातल्या हारीचा प्रतिसादही जिंकण्यासारखाच निघाला. शरीराला फरक कळलाच नव्हता. पुढच्या प्रयोगांत खेळ संपल्यावर ‘किती वेळा जिंकलात?’ असं विचारलं, तर लोकांनी खऱ्यापेक्षा जास्त सांगितलं. सर्वांत बोलका भाग आवाजाचा आहे. अशा फसव्या जिंकण्याला आनंदाच्या सुरावटीऐवजी हरल्याचा आवाज जोडला, तेव्हा लोक त्याला हार म्हणून ओळखू लागले. पडद्यावरचा आकडा तोच, गणित तेच, फक्त आवाज बदलला.

याच विद्यापीठातल्या मंडळींनी ओंटारिओ प्रांतात चालणाऱ्या काही मशीनच्या ‘पार शीट’ माहिती मिळवण्याच्या हक्काचा कायदा वापरून मागवल्या होत्या. पार शीट म्हणजे मशीनची कुंडली. कुठल्या रिळावर कुठलं चित्र किती वेळा, कोणत्या जुळणीला किती पैसे, आरटीपी किती, हिट फ्रिक्वेन्सी किती, सगळं त्यात असतं. कंपन्या ती व्यापारी गुपित म्हणून जपतात. खेळणाऱ्याला दाखवला तर आरटीपी दाखवतात, तोही सगळीकडे नाही.

इथे एक प्रश्न रास्त आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मशीनचा आरटीपी सारखाच असेल, तर वरचेवर लागण्याने खेळणाऱ्याचं बिघडलं काय? उलट बिचाऱ्याची करमणूक तरी झाली. स्पिनमागे बघाल तर खरंच काही बिघडलं नाही. दोन्हीकडे दर स्पिनला सरासरी एक रुपया जातो. बिघडतं ते स्पिनच्या संख्येत.

सुरुवातीच्या त्या हिशेबी माणसाचं इथे चुकतं. टक्केवारी त्याने आणलेल्या हजारावर लागत नाही, त्याने लावलेल्या एकूण पैजेवर लागते. दर सहा सेकंदांना एक स्पिन धरा, तासाला सहाशे. दहा रुपयांनी सहाशे स्पिन म्हणजे सहा हजार रुपयांची पैज. खिशात हजारच होते, मग सहा हजार आले कुठून? जिंकलेले पाच, पंचवीस, साठ पुन्हा पुन्हा मशीनमध्ये गेले. त्या सहा हजारांवर दहा टक्के म्हणजे सरासरी सहाशे रुपये गेले. आरटीपी ९० टक्के असूनही तासाभरात हजारातले चारशेच उरले. आरटीपी ९६ टक्के असता तरी दोनशे चाळीस गेलेच असते, आणि दुसऱ्या तासाला आणखी तेवढेच.

आता पहिल्या मशीनवर बसलेला माणूस पाहा. वीस स्पिन कोरडे गेले, चाळीस स्पिनमध्ये एकदा शंभर लागले. त्याचं नुकसान त्याच्या डोळ्यांसमोर ठणठणीत उभं आहे. वैतागून तो पंधरा मिनिटांत उठतो. तेवढ्या वेळात दीडशे स्पिन झाले, सरासरी दीडशे रुपये गेले. दुसऱ्या मशीनवरच्या माणसाचा बॅलन्स हळूहळू उतरतोय, मधेच चढतोय, उठायला निमित्तच मिळत नाही. तो दीड तास बसतो. दर स्पिनचा तोटा दोघांचा सारखा, पण एकाचे दीडशे गेले आणि दुसऱ्याचा हजार घेऊन आलेला खिसा रिकामा व्हायच्या बेताला आला. हिट फ्रिक्वेन्सी थेट खिशात हात घालत नाही. ती खुर्चीत बसवून ठेवते, आणि बाकीचं काम आरटीपीतले उरलेले टक्के करतात.

समोरचं मशीन कुठल्या जातीचं आहे हे पार शीटशिवायही बरंचसं कळतं. बक्षिसांच्या तक्त्यात सर्वांत हलक्या चित्राचा तीन जुळल्यावरचा भाव पाहायचा, त्याला एका ओळीवरच्या पैजेने गुणायचं आणि उत्तर एकूण पैजेशी ताडून बघायचं. वर पन्नास पैसे गुणिले दहा म्हणजे पाच रुपये आले आणि पैज दहाची होती. म्हणजे हे मशीन हरल्यावरही वाजणार. तक्त्यात असे भाव जितके जास्त, तितका आवाज फसवा. दुसरं, ‘WIN’ समोरचा आकडा पाहायचाच नाही. दर वीस स्पिननंतर फक्त बॅलन्स कागदावर लिहायचा. ५००, ४४०, ४०५, ४३०, ३६५ अशी ओळ दिसली की मधल्या सगळ्या वाजण्या-गाजण्याचा अर्थ लागतो. यातून आरटीपी मात्र कळणार नाही, तेवढ्यासाठी शे-दोनशे स्पिन काहीच नाहीत. दुसऱ्या मशीनवर दोनशेचं एक बक्षीस लवकर आलं की पुष्कळ वेळ चित्र नफ्याचं दिसू शकतं.

ब्रिटनने या प्रकारावर नियमच केला. तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटना बंधन घातलं, की परतावा पैजेइतका किंवा त्याहून कमी असेल तर जिंकल्यासारखे आवाज आणि दृश्यं दाखवायची नाहीत. आपलं दुसरं मशीन तिथे नेलं तर शंभरात ४६ ऐवजी १६ वेळाच वाजेल. त्याच वेळी त्यांनी आपोआप स्पिन फिरवत राहण्याची सोय बंद केली आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं. अडीच सेकंद म्हटलं तरी तासाला चौदाशे चाळीस स्पिन होतात, हे आपल्या सहाशेच्या दुपटीहून जास्त आहे. भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली.

ब्रिटनच्या त्या नियमाची मर्यादाही उघड आहे. दहाच्या पैजेवर दहा मिळाले तर मशीन गप्प राहील, अकरा मिळाले तर एका रुपयाच्या नफ्यासाठी हवं तेवढं गाऊ शकतं. आणि नियम आवाजाला आहे, वाटपाला नाही. तीनशे जुळण्यांना पाच-पाच रुपये द्यायला आजही मोकळीक आहे. ते पाच रुपये बॅलन्समध्ये निमूटपणे जमा होतात आणि पुढच्या स्पिनच्या पैजेत अर्धा वाटा उचलतात.